मामाची कातर आणि आईचं सूत

पावसाळा सरून ऊन खणखणीत पडलं की लासूर स्टेशनजवळच्या आमच्या वस्तीवर मेंढ्या कातरायच्या. आधी नाल्याच्या वाहत्या पाण्यात त्यांना धुवायचं, मग मुरमाड टेकाडावर चांगलं वाळू द्यायचं. ओली कातरली तर लोकर पोत्यात कुबट होते. म्हणून वडील मेंढीच्या पोटाखाली हात घालून बघत आणि जरा दमट लागलं की कातरणी सरळ उद्यावर ढकलत.

कातरायला थोरला मामा यायचा. मजुरी घ्यायचा नाही. मटणाचं जेवण आणि भरपूर कौतुक एवढंच. त्यातही कौतुकाचाच जास्त भुकेला! डाव्या हातानं कातडी ताणून, कातर अंगालगत आडवी धरून तो सपासप जायचा. मेंढीला ओरखडासुद्धा नाही. पण एवढ्यावर थांबेल तो मामा कसला? मेंढी न्हाव्याकडून आल्यासारखी दिसली पाहिजे, म्हणून राहिलेले खुंट तो पुन्हा फिरून कापायचा. ते बारीक तुकडे चांगल्या लांब लोकरीत मिसळायचे. असली लोकर पिंजताना गाठी धरते आणि कातताना सूत तुटतं.

त्या वर्षी आईला वडिलांसाठी घोंगडी करायची होती. जुनीची पार चाळण झाली होती. इकडं संधिवातानं आईची बोटं वाकडी व्हायला लागलेली.

"आता येकच घोंगडी व्हईल माझ्या हातून," ती मला म्हणाली. "सूत तुटत बसलं तर ती बी नाय."

मी शहरातल्या छावणी भागातल्या माझ्या घरून तिच्या मदतीसाठीच गेले होते. थोरल्या भावाची चूक काढायची तिला चोरी. मला मात्र राग आवरेना. म्हटलं, मीच बोलते मामाला. तिनं डोळे वटारले.

पहिली काळी मेंढी धुतलेल्या लुगड्यावर आडवी झाली. मामाचा पहिला हात फिरून झाला, तशी आईनं सगळी लोकर कवेत घेतली आणि बाजूला झाली.

"दादा, हे माझं. आता नटव तिला पायजे तेवढं!"

सगळे हसले. मामाही हसला आणि खुशाल खुंट काढत बसला. ते तुकडे वेगळ्या पोत्यात गेले. मग प्रत्येक मेंढीला हाच खेळ. पोटापायांची मळकी लोकर वेगळी काढत, कुसळं वेचत आम्ही मायलेकी दिवस मावळेपर्यंत बसलो. इतकी निवांत ती मला पुन्हा कधी मिळाली नाही.

सूत लांब, एकसारखं निघालं. पण घोंगडी दोन पट्ट्या जोडून होते, आणि एका पट्टीपुरतं सूत कातून झालं तोवर आई गेली. दुसऱ्या पट्टीचं मी कातलं. लोकर तीच, पण हात माझा; जागोजागी जाडबारीक. आता थंडीत घोंगडी घेताना वडील आधी मधली शिवण चाचपतात, घोंगडी फिरवतात आणि आईची पट्टी छातीवर घेतात.