भाजी किती जणांची?

परवा हुडकेश्वरला भाचीच्या नव्या घरी जेवायला गेले होते. जेवता जेवता कोणीतरी म्हणालं, "आधीच्या बायका किती समाधानी होत्या... उरलंसुरलं खाऊन राहायच्या, पण तोंडातून शब्द नाही."

माझा घास हातातच राहिला. अहो, मी आधीचीच बाई आहे! आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला होता... तो कसा, ते आज लिहूनच टाकते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी धरमपेठेतल्या घरी आले. सासरे, नवरा, दोन धाकटे दीर, सासूबाई आणि मी... अशी सहा माणसं. स्वयंपाक मी करायचे, पण किती करायचा ते सासूबाई ठरवायच्या. कणीक त्या स्वतः परातीत काढून द्यायच्या, भाजी निवडून समोर ठेवायच्या, तेलसुद्धा पळीने मोजून. मी फक्त फोडणी द्यायची.

आधी पुरुषांची पंगत, मग आम्ही दोघी. आमच्यापर्यंत भाजी पोचायची ती कढईला लागलेली तेवढीच. सासूबाई पोळीवर ठेचा घेऊन बसायच्या... "मले तर ठेचाच आवडते" म्हणत. मीही तेच करायचे, आणि दुपारी पोटात कावळे ओरडायचे.

एका सकाळी त्या वांगी काढत होत्या. मी म्हटलं, "आई, थोडी जास्त घ्या ना."

"काहून? चार जणांले पुरतात एवढी."

"आपण सहा जण आहो."

त्यांनी वर पाहिलं. "आपलं काय वं... आपलं भागून जाते."

"माझं नाही भागत, आई. मले भूक लागते."

झालं! सुनेने सासूच्या तोंडावर भूक लागते म्हणायचं, म्हणजे त्या काळी निर्लज्जपणाची हद्द होती. दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला रडू येत होतं, पण माफी मागायची नाही हे मी पक्कं केलं होतं. भूक लागणं हा काय गुन्हा आहे?

दुसऱ्या दिवशी त्याच बोलल्या. "माहेरी सांगशील का, सासरी उपाशी ठेवतात म्हणून?"

"माहेरी कशाले सांगू? तुम्हालेच सांगून राहिली ना."

तेव्हा त्यांनी मनातलं सांगितलं. तेलाचा डबा महिनाअखेरपर्यंत पुरला नाही, की सासरे त्यांनाच सुनावायचे. म्हणून तो हात आखडता. मला वाटायचं सगळं घर यांच्या मुठीत आहे... मुठीत नुसती पळी होती. मला त्यांचा राग यायचा तो त्या दिवशी बराचसा दुसरीकडे वळला.

मग मी धीर करून विचारलं, "खरं सांगा, ठेचा आवडते तुम्हाले?"

त्या खाली मान घालून हळूच म्हणाल्या, "आवडते... पण रोज नाही आवडत."

तिथून आम्ही दोघी मिळून ठरवायला लागलो. सकाळची भाजी त्यांच्या अंदाजाने, संध्याकाळची माझ्या. तेल वाढवायचं नाही, भाजी वाढवायची. कोहळ्यात चण्याची डाळ टाकली, की तेवढ्याच तेलात भाजी चांगली वाढते.

पहिल्याच संध्याकाळी माझी डाळ कच्ची राहिली. भिजवलीच नव्हती ना! सासूबाई म्हणाल्या, "मले दिसत होतं." मी चिडले, "मग सांगायचं ना!" तर म्हणाल्या, "तू विचारलं काहून नाही?"

मग असं ठरलं, की जिची वेळ तिचा निर्णय, पण दुसरीला आधी विचारायचं. जे काही म्हणायचं ते भाजी शेगडीवर असतानाच म्हणायचं, पानावर बसल्यावर नाही. आणि एकीच्या भाजीचं झाकण उघडून दुसरीने गुपचूप मीठ-तिखट टाकायचं नाही. हे शेवटचं दोघींनाही फार जड गेलं. रुसवेफुगवे झाले, भांडणंही झाली, पण मनात ठेवून कुढणं थांबलं.

गंमत म्हणजे, भाजी वाढली तरी आमच्यापर्यंत येईना. पंगतीतली मागणीही तशीच वाढली! मी म्हटलं, वाढायच्या आधीच आपली काढून ठेवू. त्या घाबरल्याच. "लपवून ठेवली म्हणतील वं."

"लपवायची कशाले? ओट्यावर, सगळ्यांसमोर ठेवू."

खूप हो-नाही झालं. शेवटी म्हणाल्या, "ठेव. पण कोणी विचारलं तर तूच बोल. मी नाही बोलणार."

रविवार होता, आलू-वांग्याची भाजी होती. सासऱ्यांनी पुन्हा मागितली, तर कढई रिकामी. त्यांची नजर ओट्यावरच्या झाकलेल्या वाडग्यावर गेली. "त्याच्यात दिसून राहिली ना... आण इकडे."

सगळं ठरवलेलं होतं, पण शब्द फुटेना. दीर माझ्याकडे पाहत होते, नवरा ताटात पाहत होता. आता तो वाडगा पुढे केला असता, तर जन्मभर कढईच पुसावी लागली असती.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"ते आमचं हाये. सूनबाईचं आन माझं. तुम्ही वरण घ्या."

सासऱ्यांनी मुकाट्याने वाटी पुढे केली, सासूबाईंनी वरण वाढलं... आणि आभाळबिभाळ काही कोसळलं नाही.

इतकी वर्षं त्या घरात राबलेल्या बाईच्या तोंडून "माझं" हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आई, आज तुम्ही नाही, पण तुमचे ते उपकार मी विसरले नाही. आणि पोरींनो, भूक लागली की सांगायचं... मान वर करून सांगायचं.