रविवारचं ऊन

गाडी फक्त उन्हावरच चार्ज करायची, हा नियम माझा. घरात कुणी मागितला नव्हता. गच्चीवर पाच किलोवॉटचे पॅनल बसवले, मग इलेक्ट्रिक कार घेतली, आणि माझ्या अंगात ते भूत शिरलं. रात्रीची वीज कोळशाची, ती माझ्या गाडीला नको. आठवडाभर गाडी दिवसा देवासच्या कारखान्यात उभी असे, म्हणून चार्जिंग रविवारी, साडेनऊ ते साडेतीन. हिशेब मी येईल त्याला ऐकवत असे: रोजचे वीस किलोमीटर म्हणजे तीन युनिट, सहा दिवसांचे अठरा, बॅटरी पंचविसाची. चार्जर सव्वातीन किलोवॉटचा, भर उन्हात पॅनल त्याहून जास्त देतात. बायको म्हणायची, "ह्यांचा एकादशीचा उपास परवडला."

त्या रविवारी पावणेनऊला धारहून फोन आला. माझ्या मावशीची सून बोलत होती. "दादा, आत्याबाई कालपासून काही घेत नाहीत. सारखं विचारतात, ताई निघाली का?" आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, माझी मावशी; ताई म्हणजे माझी आई. दोघी बहिणींत दीड वर्षाचं अंतर, आणि मावशी आता जाणार हे आम्हाला कळून चुकलं होतं.

आई पाच मिनिटांत लुगडं बदलून ओसरीत येऊन बसली. "अरे, बसने जाऊ या. इंदूरला बदलू."

गाडीत सात युनिट होते, जेमतेम पन्नास किलोमीटरचे. धार शंभर. मी म्हणालो, "बसला चार तास लागतील आई. तीन तास चार्ज करतो, अडीचपर्यंत पोचतो. ऊन बघ कसं पडलंय!" तिने मान हलवली. मुलाच्या यंत्रांवर तिचा विश्वास होता, माझ्याहून जास्त.

साडेनऊला प्लग लावला. चार्जरचा हिरवा दिवा लागला आणि लगेच गेला. घरातला पंखाही थांबला. वीज गेली होती.

मला आधी हसूच आलं. वीज गेली तर गेली, आपली गच्ची आहे ना! वर जाऊन पाहिलं तर पॅनल तापलेले, आणि सोलरच्या इन्व्हर्टरच्या पडद्यावर शून्य. घाबरून मी सोलरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "भिया, लाइन गई तो आपका सिस्टम भी बंद. बताया तो था. लाइनमैन खंभे पे चढ़ा हो और आपकी छत से करंट चला गया, तो?"

त्याने सांगितलं होतं. पॅनल बसवले त्या दिवशी. मी हो हो करत फोटो काढत होतो. साठवायला घरात वेगळी बॅटरी नाही, तर लाइन नसताना उन्हाचा उपयोग नाही. फोनमध्ये आदल्या दिवशीचा संदेशही होता: दुरुस्तीसाठी साडेनऊ ते एक वीज बंद. तो मी वाचला होता. आपल्याला काय त्याचं, म्हणून पुढे सरकवला होता.

तेव्हाच निघायला हवं होतं. पण मला वाटलं, काम लवकर आटपेल. दहा वाजले, साडेदहा वाजले. मी दर पाच मिनिटांनी पंख्याकडे बघत होतो. आई ओसरीतून विचारी, "ऊन तर आहे ना रे?" आणि मी "आहे, आहे" म्हणत असे. चूक झाली हे तोंडातून निघेना.

अकराला उठलो. आहे त्या चार्जवर एसी न लावता इंदूर गाठलं. फास्ट चार्जरवर दोन गाड्या पुढे होत्या. तासभर थांबलो, मग पाऊण तास भरायला लागला. आई पदराने वारा घेत मागच्या सीटवर बसली होती. तिने एकदाही किती वाजले ते विचारलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

पुढे बेटम्यावरून जाणारा रस्ता मोकळा मिळाला, धारला सव्वातीनला पोचलो. सून दारातच उभी होती. हळूच म्हणाली, "दोन वाजेपर्यंत बोलत होत्या. आता श्वास चालू आहे, पण हाक ऐकत नाहीत."

मी मनात हिशेब केला. तो तर मला छान येतो. नऊची बस पकडली असती तर एकला आलो असतो.

आई खाटेवर बसली, बहिणीचा हात मांडीवर घेतला आणि तिच्या कानाशी वाकली. मी उंबऱ्यातच उभा होतो.

"आले गं मी," आई म्हणाली. "लवकरच निघालो होतो. बेटम्याला जाम लागला, त्यात पोराचा काय दोष."