पार्वताअक्काचं कासव

पार्वताअक्का बैसाणे धुळ्यात जपानी शिकवायच्या, असं सांगितलं की लोक आधी हसायचे. हसून झालं की विचारायचे, "पण धुळ्यात कशाला?" या प्रश्नाचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. धुळ्यात माणसं राहतात, म्हणून. दुसरं काय कारण लागतं?

अक्का दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातल्या. आई बेबाबाई जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी आणि कापूस वेचणी करत आली. नवरा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्याची बदली पुण्याला झाली तेव्हा दोन खोल्यांत दिवसभर करायचं काय, म्हणून अक्कांनी जपानीच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. शेजारणींनी वेड्यात काढलं. अक्का एकेक परीक्षा देत गेल्या आणि पुढे यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करू लागल्या. नवऱ्याची बदली परत धुळ्याला झाली, तेव्हा ती कामं पुण्याहून कुरिअरने घरी यायला लागली. संध्याकाळी चार-सहा मुलं शिकायला यायची. नरडाण्याच्या कारखान्यात कधी जपानी पाहुणा आला, की गाडी अक्कांना न्यायला यायची.

माझं कॉम्प्युटर सेंटर त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. इंटरनेट तेव्हा नुकतं आलं होतं आणि फोनची लाइन लागली तर लागायचं. नव्व्याण्णव साली अक्कांनी मला एक सीडी आणून दिली आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "मगन, हाई टाक यामा." त्या सीडीने माझा साधा कॉम्प्युटर जपानी लिहायला लागला. मला ते जादूचंच वाटलं. अक्का इंग्रजी अक्षरांत जपानी शब्दाचा उच्चार टाइप करायच्या. पडद्यावर आधी त्याची साधी जपानी अक्षरं उमटायची. मग कीबोर्डवरची लांब पट्टी दाबली की त्याच उच्चाराच्या चित्राक्षरांची यादी उघडायची. जपानीत उच्चार एकच आणि अक्षरं वेगवेगळी असे शब्द ढिगाने आहेत. 'किकाई' म्हणजे यंत्र आणि 'किकाई' म्हणजे संधीसुद्धा, फक्त लिहायचं निराळं. यादीतून योग्य ते आपण निवडायचं. कॉम्प्युटर आपला आज्ञाधारक बावळट, मागच्या वेळी जे निवडलं तेच पुढच्या वेळी पहिलं आणून ठेवायचा.

त्याच सुमारास कातायामा नावाच्या एका निवृत्त जपानी शिक्षकाशी अक्कांची ई-मेलवर ओळख झाली. परदेशी माणसांनी जपानीत लिहिलेल्या रोजनिशा तो आपल्या पानावर छापायचा. आता याला ब्लॉग म्हणतात, तेव्हा हा शब्द आमच्या कानावर आला नव्हता. त्याने अक्कांना लिहायला सांगितलं. अक्कांनी आईवर लिहिलं.

लाइन जाईल, वीज जाईल, या धास्तीने अक्का भराभर टाइप करत होत्या. यादीत पहिलं येईल ते पक्कं करायचं आणि पुढे जायचं. मी एकदा म्हणालो, "अक्का, वाचून तर पाहा." तर म्हणाल्या, "वाचत बसू तं लाइन जाई." आणि पाठवून दिलं.

चार दिवसांनी कातायामाचं उत्तर आलं. अतिशय गोड. त्याने चुका दाखवल्या होत्या आणि लेख दुरुस्त करून पानावर लावलाही होता. अक्का चुका वाचत गेल्या आणि हसत सुटल्या. अक्कांचं रोजचं काम यंत्रांच्या पुस्तकांचं, त्यामुळे कॉम्प्युटरने 'किकाई' म्हटल्यावर इमानाने यंत्रच दिलं होतं. 'माझ्या आईला शाळेत जायची संधी मिळाली नाही' याच्या जागी 'माझ्या आईकडे शाळेत जायचं यंत्र नव्हतं' असं छापलं असतं. मीही पोट धरून हसलो.

दुसऱ्या तऱ्हेच्या चुका शेपट्यांच्या. जपानीत क्रियापदाचं मूळ चित्राक्षरात लिहितात आणि त्याची शेपटी साध्या अक्षरांत. काही शब्दांना शेपटी एका अक्षराने लांब किंवा आखूड चालते. 'जन्मणे' हा त्यातलाच. शाळेत शिकवतात ती लांब, पण आखूडही चालवून घेतात. अक्कांनी वरच्या ओळीत एक आणि खालच्या ओळीत दुसरी लिहिली होती. दोन्ही चालत असल्या तरी एका लेखात एकच पाहिजे, असं कातायामाचं म्हणणं. "खरं शे त्यानं," अक्का म्हणाल्या. त्यांना चुका दाखवल्याचा कधी राग येत नसे. उलट वहीत उतरवून घ्यायच्या.

मग त्यांनी दुरुस्त केलेला लेख शेवटपर्यंत वाचला आणि हसू थांबलं. त्यांनी परत वाचला. एक वाक्य नव्हतं.

ते कोणतं, मी विचारलं. अक्कांनी मराठीत सांगितलं, "शाळेतल्या माठाला आम्हाला हात लावू देत नसत." पुढचं वाक्य होतं, की दुसऱ्या कोणी वरून ओतेपर्यंत ओंजळ धरून उभं राहायचं. तेही गेलं होतं. आईचं प्रेम होतं, कापसाचं पांढरं शेत होतं, भाकरी होती. लेख एकदम गोजिरवाणा झाला होता.

कातायामाने कारण दिलं होतं. माठाला जपानीत 'कामे' म्हणतात, आणि कासवालाही 'कामे'. यादीत कासव पहिलं होतं, माठाचं अक्षर पार खाली. घाईत कासव पक्कं झालं होतं. 'शाळेतल्या कासवाला आम्हाला हात लावू देत नसत. याचा अर्थ लागला नाही, म्हणून तो भाग गाळला,' असं त्याने लिहिलं होतं.

"चूक मनीच शे," अक्का म्हणाल्या आणि लगेच उत्तर लिहायला बसल्या. या वेळी एकेक अक्षर तपासून. ते कासव नसून माठ आहे, आमची जात गावाच्या लेखी खालची म्हणून आम्ही हात लावला तर माठ बाटेल असं लोकांना वाटे, आमच्या घरांनी नंतर बुद्धाचा धम्म घेतला तरी माठ तिथेच राहिला, असं सगळं सविस्तर लिहिलं. एवढं समजल्यावर तो वाक्य परत घालील याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. तेही गोड. अर्थ आता नीट कळला, फार वाईट वाटलं, पण आमचे वाचक थकूनभागून रात्री चार घटका आनंदाने वाचायला येतात. हा भाग जड आहे. नसलेलाच बरा. आईच्या प्रेमाला त्याने बाधा येत नाही.

माझं डोकं सटकलं. म्हणजे कळलं नाही म्हणूनही गाळायचं आणि कळलं म्हणूनही गाळायचं! मी म्हणालो, "अक्का, मला चार शिव्या जपानीत सांगा, मी टाइप करतो." अक्कांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. मग म्हणाल्या, "शिव्या कसाले? मना लेख त्याना पानवरथून काढी टाक म्हणीसन लिखस. ते तर त्याले करनंच पडी." आणि तसं लिहिलं. अदबीचे सगळे शब्द जागच्या जागी, आणि मजकूर एका ओळीचा. माझं नाव खाली आहे, लेख पुरा छापा नाहीतर काढा. कातायामाने काढला.

फुकट पान देणाऱ्या जागा तेव्हा इंटरनेटवर होत्या. तिथे मी अक्कांसाठी एक पान उघडलं, खाली वाचकांना लिहायला पाटी ठेवली. अक्का लेख पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला बसल्या. संधीच्या जागी संधी आली, शेपट्या सगळ्या एका मापाच्या झाल्या. दोन शब्दकोश मांडीवर. वीज दोनदा गेली, दोनदा पुन्हा बसल्या. माठाच्या वाक्याशी आल्या, 'कामे' टाइप केलं, पट्टी दाबली, यादी उघडली. पहिलं कासव. आता मलाही ते ओळखू येत होतं. अक्कांनी कासव पक्कं केलं आणि पुढे गेल्या.

"अक्का! चुकलं."

"नही चुकनं."

"अहो, कासव आलं."

"माले दिखस." त्यांनी चष्मा वर केला. "मगन, मी या लोकसले पंधरा वरीस वळखस. बठ्ठं सहन करतीन, पण चुकेल अक्षर सहन करतस नही. त्यासले दुरुस्त करनंच पडस. आन दुरुस्त कराले वाक्य लिखनं पडस. लिखू दे त्यासले आपला हातथून."

सगळं सहन करतील, पण चुकलेलं अक्षर नाही! माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पडला तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. लेखाच्या डोक्यावर अक्कांनी एक ओळ टाकली, अक्षराची चूक दिसली तर पूर्ण वाक्य लिहून कळवावी, मी शिकणारी आहे. ही शिकणारी बाई किती बेरकी आहे ते समुद्रापलीकडे कोणाला कळणार होतं?

आठवडाभर पाटी कोरी. मग कुणा विद्यार्थ्याने लिहिलं. 'कासव नाही, माठ असावा. शाळेतल्या माठाला आम्हाला हात लावू देत नसत, असं हवं ना?' खाली एक ओळ जास्तीची, 'खरंच असं होतं?' अक्कांनी उत्तर दिलं, होतं. मग एका बाईने तेच वाक्य लिहिलं. मग एका आजोबांनी. एकाने नुसती टवाळी केली, की भारतात कासवं शाळेत जातात वाटतं. त्याला दुसऱ्यानेच झापलं आणि झापताना पूर्ण वाक्य लिहिलं. अक्का रोज संध्याकाळी यायच्या, पाटी वाचायच्या आणि निघून जायच्या. एकदा मात्र पदराने डोळे पुसताना मी पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

एका संध्याकाळी त्या वाचता वाचता थबकल्या. मी जवळ गेलो. मला जपानी येत नव्हतं, पण एव्हाना त्या वाक्याचा आकार पाठ झाला होता. तेच वाक्य. लांबीला पुरं, माठासकट, आणि त्यामागे ओंजळीचं वाक्यसुद्धा.

"कोणाचं?"

अक्कांनी खालच्या नावावर बोट ठेवलं. "कातायामा."

त्या मास्तराला राहवलं नव्हतं. मजकूर मोजका होता. तिसऱ्या परिच्छेदात एक अक्षर अजून चुकीचंच आहे, पार्वता-सान (म्हणजे पार्वताबाई), बरोबर वाक्य खालीलप्रमाणे. त्याखाली स्वतःच्या हाताने त्याने तेच लिहिलं होतं, जे स्वतःच्या पानावर त्याला चाललं नव्हतं. त्याखाली नाव आणि गाव.

मी टाळीच वाजवली. म्हणालो, "झालं अक्का, जिंकलात! आता तरी टाका तिथे माठ. कासवाला सोडा बिचाऱ्याला."

अक्कांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पर्स उचलली.

"नही," त्या म्हणाल्या. "आजून बठ्ठा जपान बाकी शे."