भंडारदरा धरण आहे, पण

मी अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या बाजूची. नगरला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला होते, तेव्हाची गोष्ट. सराव चाचणीत पहिल्या वीसांत येणाऱ्यांनाच सर खास तुकडीत घेत आणि माझी जागा एका गुणाने हुकली होती. तो गुण माझा होता आणि मी तो सोडणार नव्हते.

आम्ही बहुतेक खेड्यांतली मुलं, म्हणून सर प्रश्न आपल्याच जिल्ह्यातले काढत. हा प्रश्न असा होता: सर्व धरणांत पाणी असते. भंडारदऱ्यात पाणी असते. म्हणून भंडारदरा हे धरण आहे. निष्कर्ष निघतो की नाही? मी 'निघत नाही' लिहिलं. सरांचं उत्तर होतं, 'निघतो'.

मी उभी राहिले तशी वर्गात खसखस पिकली. सरही हसले.

"अगं, तू तिकडचीच ना? आन् भंडारदरा धरण न्हाई म्हणतीस?"

"धरण आहेच, सर. पण या दोन विधानांवरून ते कळत नाही."

जामखेडच्या एका मुलाने मघाशीच तक्रार केली होती, की आमच्याकडे उन्हाळ्यात धरणं कोरडी पडतात. सरांनी त्याला गप्प केलं होतं: दिलेलं खरं माना, बाहेरचं विसरा. मग भंडारदरा धरण असल्याचं तरी बाहेरून का आणायचं? मी फळ्यापाशी गेले, भंडारदरा पुसून तिथे 'आमचा आड' लिहिलं. सर्व धरणांत पाणी असते. आमच्या आडात पाणी असते. म्हणून आमचा आड हे धरण आहे. पाणी असलेलं सगळंच धरण असतं, असं पहिलं विधान कुठे म्हणतं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता हसू सरांच्या बाजूने नव्हतं. त्यांनी माझ्या हातातून खडू काढून घेतला. मग म्हणाले, ठीक, तुला एक गुण देतो, बस खाली. मला राग आला. मी भीक मागायला उभी नव्हते. उत्तरच चुकलंय, सगळ्यांचं तपासा, म्हटलं. काहींचा गुण गेला, माझी बाकावरची शेजारीणही यादीतून बाहेर पडली आणि आठवडाभर बोलली नाही. मला वाईट वाटलं, पण त्यामुळे उत्तर बदलत नव्हतं.

मी विसावी आले. नवी यादी लावताना सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लई पोरी बघितल्या म्या. काही वाद घालत्यात, काही नापास हुत्यात. म्हंजे वाद घालनाऱ्या पोरी नापासच हुत्यात."

मी वही उचलली आणि खास तुकडीच्या पहिल्या बाकावर जाऊन बसले.

"निष्कर्ष निघत नाही, सर."