दहा की सात रुपये चौदा पैसे

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नांदेडच्या एका पेपर तपासणी केंद्रात, थंड पोह्यांच्या साक्षीने, गणिताचा खून झाला. खुनी अजून मोकळाच आहे आणि बहुधा वरिष्ठ वेतनश्रेणीत आहे.

मी लातूरला एका कॉलेजात एमबीएच्या पोरांना फायनान्स शिकवतो. दरवर्षी पेपर तपासायला नांदेडला जातो. तिथली पद्धत अशी: पहिल्या सकाळी पेपर काढणारे मुख्य परीक्षक सर आदर्श उत्तराचा कागद फिरवतात, आणि आम्ही सगळे तो न वाचता सही करतो. वाचणारा माणूस तिथे उद्धट समजला जातो. मीही सही ठोकून चहा प्यालो होतो.

प्रश्न साधा होता. शेअर आज शंभरला. वर्षाने एकशेवीस होईल, नाहीतर नव्वद. बँकेचा दर पाच टक्के. वर्षाअखेर तो शेअर एकशेपाचला घेण्याचा हक्क, म्हणजे कॉल ऑप्शन, आज कितीला? सरांनी वर एक शेपूट जोडलं होतं: 'जाणकारांच्या मते भाव वाढण्याची शक्यता सत्तर टक्के.' आणि स्वतःच त्या शेपटावर पाय ठेवून घसरले. वाढला तर हक्काचे पंधरा मिळणार, पंधराचे सत्तर टक्के साडेदहा, पाच टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले की बरोब्बर दहा. गोल, गुळगुळीत दहा! आमच्या केंद्रात गोल उत्तरावर संशय घेणं म्हणजे पाप.

शेजारी औशाच्या कॉलेजातल्या म्याडम बसल्या होत्या. त्यांनी एक उत्तरपत्रिका माझ्याकडे सरकवली. "सर, हे लेकरू सात रुपये चौदा पैसे म्हणतंय. आदर्श उत्तराप्रमाणे भोपळा. भोपळा दिला तर नापास."

मी वाचलं आणि खुर्चीतच सरळ झालो. लेकराने सत्तर टक्क्यांना हातच लावला नव्हता. वाढण्याची शक्यता निम्मी धरली, तर एकशेवीस आणि नव्वदची सरासरी एकशेपाच येते, म्हणजे शंभरावर बँकेइतकंच व्याज. हिलाच आमच्या विषयात जोखीम-तटस्थ शक्यता म्हणतात; किंमत हिच्यावरून काढायची, जाणकारांच्या अंदाजावरून नाही. पंधराचे निम्मे साडेसात, आजच्या किमतीत सात रुपये चौदा पैसे. अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण डोकं लखलखीत.

मी उत्तरपत्रिका घेऊन सरांपुढे गेलो.

"सर, आदर्श उत्तर चुकलंय."

"तुम्ही सही केली न्हाई का?" सर पोह्यातली मिरची बाजूला काढत म्हणाले. "आता काय तमाशा करून राहिलात?"

तमाशा म्हटल्यावर मला राहवतंय होय! मी टेबल वाजवलं. "ऐका हो ऐका! सर, मी तुम्हाला हा हक्क तुमच्याच दहा रुपयांना विकतो."

"विका की. भाव वाढला तर तुम्हीच बुडाल."

"नाही बुडत. मी आजच अर्धा शेअर घेतो, पन्नासला. त्यातले बेचाळीस रुपये शहाऐंशी पैसे बँकेचे कर्ज. खिशातले फक्त सात चौदा. वर्षाने बँकेला पंचेचाळीस द्यायचे. शेअर एकशेवीस झाला, तर माझा अर्धा साठचा. बँकेचे पंचेचाळीस गेले, उरले पंधरा, ते तुमचे. नव्वद झाला, तर अर्धा पंचेचाळीसचा; ते बँकेला, आणि तुम्हाला काहीच देणं नाही. आता सांगा, सत्तर टक्के कुठे लागले? तुमच्या दहातले दोन रुपये शहाऐंशी पैसे मात्र आजच माझ्या खिशात."

सरांच्या कपाळावर घाम आला. त्यांना कळलं होतं. ते मी स्वतः पाहिलं. आणि मग त्यांनी जे केलं, त्याची मला अजून किळस येते. चूक कबूल करायची तर तपासलेले गठ्ठे पुन्हा उघडावे लागणार, वर अर्ज करावा लागणार, पेपर काढणाऱ्याचंच उत्तर चुकलं हे विद्यापीठभर कळणार. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, लाल पेन उचललं आणि आदर्श उत्तराच्या कागदावर 'दहा'च्या शेजारी लिहिलं: 'किंवा ७.१४'.

"हाव, ठीक हाय. दोन्ही उत्तरं बरोबर धरा. कुणाचंच नुकसान नको."

लेकरू पास झालं, एवढंच बरं. पण बाकीचे परीक्षक माना डोलवत होते! कुणी "वा, सरांचं मन मोठं" म्हणालंसुद्धा. एकाच वस्तूच्या एकाच दिवशी दोन किमती, त्याही शिक्का मारून, आणि हीच मंडळी सोमवारी वर्गात जाऊन फायनान्स शिकवणार.

तेवढ्यात औशाच्या म्याडम भर हॉलमध्ये ओरडल्या, "सर, दोन्ही बरोबर असतील तर मला सात चौदाला घेऊन तुम्हालाच दहाला विकू द्या की! मग ही नोकरी करतंय कोण?"