दुपारपाळी आणि ना-हरकत दाखला

जलशुद्धीकरण केंद्रात तिला सगळे बाटलीबाई म्हणत. एकोणीस वर्षं ती प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्या धूत होती, उकळत्या वाफेत निर्जंतुक करत होती, टाक्यांवरून पाणी भरून आणत होती. वय बेचाळीस. मुलगी कॉलेजात. बाईला या नावाचा राग कधी आला नाही. बाटल्या होत्याच तिच्या.

कच्च्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या पाण्याच्या तपासणीची काचेची बशी चोवीस तास उबदार कपाटात ठेवली, की दुसऱ्या दिवशी तिच्यावर जंतूंचे ठिपके उगवत. काही ठिपक्यांवर हिरवट, धातूसारखी झळाळी असे. आदल्या दिवशी त्या बशीवर डोळ्यांना काहीच दिसलेलं नसे. एकोणीस वर्षं हे रोज पाहूनही बाईच्या अंगावर काटा यायचा राहिला नव्हता. हे येतं कुठून, हे तिला पुस्तकातून शिकायचं होतं. संध्याकाळच्या वर्गांचा प्रयोगशाळा तंत्रज्ञ पदविकेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता, आणि कॉलेजला नोकरी करणाऱ्यांकडून मालकाचा ना-हरकत दाखला हवा होता.

अर्ज घेऊन ती आस्थापना विभागात गेली. तिथल्या हेडक्लार्कने चष्मा कपाळावर सरकवला.

"प्रवेश घेऊन टाकलात की काय आधीच?"

"नाही साहेब. आधी परवानगी, असं ऐकलंय."

"बरं ऐकलंय. लोक फी भरून येतात आणि मग माझ्या डोक्यावर बसतात." त्याने अर्ज उलटला. "हा थेट माझ्याकडे नाही चालत. तुमच्या मॅडमचा शेरा हवा, की कामात व्यत्यय येणार नाही. वर्गाचं वेळापत्रक जोडा. हमीपत्र द्या, की अभ्यासासाठी पाळी बदलून मागणार नाही, आणि पदविका मिळाली म्हणून बढतीवर हक्क सांगणार नाही."

बाईने तिथेच उभ्या उभ्या तिन्ही गोष्टी हातावर पेनाने लिहून घेतल्या.

अडचण पाळीचीच निघाली. वर्ग सहा ते नऊ, आणि एका आठवड्याआड तिची दुपारपाळी दोन ते दहा. प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडम शेरा लिहिताना थांबल्या.

"मी खोटं लिहू का? दुपारपाळीत नमुने कोण आणणार? पाण्याला सुट्टी नसते, बाई."

त्या बरोबरच बोलत होत्या. बाई बाहेर आली. बाकड्यावर दुसरा परिचर चहा पीत बसला होता. निवृत्तीला तीन वर्षं उरलेला, कमी बोलणारा माणूस, सगळे त्याला आण्णा म्हणत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

"दुपारपाळी मी घेतो. कायमची. तू सकाळची कर."

"आण्णा, तीन वर्षं?"

"मला पहाटे उठायचा कंटाळा. तुझ्यामुळे सुटलो म्हणायचं." असं म्हणून त्याने कोरा कागद मागितला आणि अदलाबदलीची संमती स्वतःच्या हाताने लिहून सही केली. सकाळपाळीच्या आठवड्यात दुपारीच घरी जाऊन अंथरुणावरच्या बायकोला जेवू घालणारा हा माणूस. कायमच्या दुपारपाळीत ते कसं जमवणार होता?

"बहीण येऊन राहिलीये," तो एवढंच म्हणाला.

आता बाईने पाळी मागितली नव्हती, आण्णाने स्वतः देऊ केली होती, त्यामुळे हमीपत्र मोडत नव्हतं आणि कामालाही धक्का नव्हता. मॅडमनी शेरा लिहिला. अर्ज वर गेला आणि मुख्य अभियंत्याकडून निरोप आला: अर्जदाराने भेटावं. कॉलेजची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती.

साहेबांनी एकच विचारलं, "या वयात कशाला?"

बाई म्हणाली, "साहेब, खाली याल का? दाखवते."

अठ्ठावीस वर्षं शहराला पाणी सोडणारा तो माणूस प्रयोगशाळेत बशी पाहायला पहिल्यांदाच आला. तिने हातमोजे घालून कालच्या कच्च्या पाण्याची बंद बशी उजेडात धरली. हिरवी झळाळी ठिपक्याठिपक्यावर फिरली. मग शुद्ध पाण्याची बशी धरली. तिच्यावर काहीच नव्हतं.

साहेब बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"हे सगळं आपण रोज अडवतो?"

"रोज, साहेब. मला फक्त अडतं हे माहीत आहे. कसं, ते माहीत नाही."

वर जाताना साहेब जिन्यात दोनदा थांबले.

दाखला दुपारी चारला मिळाला. जावक क्रमांक, गोल शिक्का, आणि पाच अटी: वर्ग कामाच्या वेळेबाहेर, कामात कसूर झाल्यास परवानगी रद्द, आणि असंच पुढे. बाईने प्रत्येक अट बोट ठेवून वाचली. आपल्या नावापुढे "यांना शिक्षण घेण्यास या कार्यालयाची हरकत नाही" असं छापलेलं तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. कितीतरी माणसांनी ते पान आपापल्या जागेवरून पुढे ढकललं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीतल्या मुलीने मूळ दाखला घेतला, फाइलीत अडकवला आणि "पुढचे" म्हणाली. बाई बाजूला झाली, पण लगेच निघाली नाही. खिडकीपलीकडे उंच कपाटात काचेच्या नळ्या ओळीने उभ्या होत्या, दुसऱ्या कुणीतरी धुतलेल्या. तिने आपल्या लेकीला फोन लावला.

"झालं का गं, आई?"

"झालं," ती म्हणाली, आणि खिडकीपलीकडच्या नळ्या तिला मोजून सांगू लागली.