जीपची लग्नपत्रिका

भागवत मॅनेजरची सगळी उमर मंगल कार्यालयात गेली होती. हिंगोलीत वीस वर्षं त्याने माईक हातात धरून वऱ्हाडी मंडळींना पंगतीला बसवलं, वर-वधूंना उभं केलं, हरवलेल्या लेकरांचे मायबाप शोधले. पुढे वाशिम रस्त्यावर नेमसिंगशेठने हॉटेल काढलं आणि भागवतला मॅनेजर केलं, पण माईक काही त्याच्या अंगातून गेला नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी तो घसा खाकरून "उपस्थित मान्यवर" असंच सुरू करायचा.

तर त्या साली, दोन हजार चारला, हॉटेलात सात बाया होत्या. पोळ्या लाटणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, आणि काउंटरला सपना. बायांची सुट्टी नियमाप्रमाणे रात्री साडेनऊला, पण त्या वेळी रस्त्यावर ना एसटी ना काळीपिवळी. सपनाचे वडील भीमराज कनेरगाव नाक्याहून रोज सायकल मारत तिला न्यायला यायचे. त्यांचे गुडघे गेले तशी गोष्ट गळ्याशी आली. सपना मॅनेजरला म्हणाली, "साहेब, गाडी करा, न्हाई तर बाबा नोकरी सोडायला लावतेत."

भागवतने शेठच्या मागे लागून जीप लावून घेतली, आणि सोय खरंच चांगली केली. चालक सटवाजी, निर्व्यसनी माणूस. त्याची बायको मंजुळाबाई हॉटेलातच भांडी घासायची. ती शेवटची बाई घरात जाईपर्यंत गाडीत बसणार, म्हणजे कुणालाही चालकासोबत एकटं राहायचं काम नाही. इतकं सगळं डोक्यात बराबर होतं. फक्त सांगायचं उरलं होतं, आणि सांगणं म्हणजे तर भागवतचा हातखंडा!

त्याने रात्री बसून नोटीस लिहिली, लाल शाईची वेलबुट्टी काढली आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली.

"॥ श्री गजानन प्रसन्न ॥ आमचे येथे श्रीकृपेकरून महिला कर्मचाऱ्यांच्या निर्गमनप्रीत्यर्थ उद्यापासून जीप योजिली आहे. स्थळ नेहमीचेच. वेळ कार्य आटोपल्यावर. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून शोभा वाढवावी, ही विनंती. कृपया आहेर आणू नये."

दुसऱ्या दिवशी रात्री खरंच सगळे सहकुटुंब आले. पोळ्यावाल्या कमलबाईची सासू नवं लुगडं नेसून आली. एकीची तीन लेकरं पावडर लावून, एकीचा नवरा टोपी घालून. आहेर नको म्हटल्यावर न्यायलाच पाहिजे, म्हणून सासूबाईंनी टॉवेल आणला आणि भागवतच्या खांद्यावर टाकला. मागच्या दारात जीप लागली आणि जागा धरायला अशी झुंबड उडाली की सटवाजीला स्वतःच्याच गाडीत चढता येईना. कमलबाईची सासू पुढच्या सीटवर बसून विचारत होती, "जेवण कुठं हाय?"

या गोंधळात सपना समोरच्या फाटकाशी उभी होती. 'नेहमीचं स्थळ' म्हणजे तिच्यासाठी बाबांच्या सायकलची जागा. जीप मागच्या बाजूने निघून गेली. लेक आली नाही म्हणून भीमराज दुखऱ्या गुडघ्यांनी सायकल हाणत आले, तेव्हा ती वॉचमनशेजारी रडकुंडीला येऊन बसली होती. बाप एवढंच म्हणाला, "उद्यापासून पोरगी येणार न्हाई."

भागवतला त्या रात्री अन्न गोड लागलं नाही. सकाळी तो टॉवेल खांद्यावर टाकून कनेरगावला गेला. ओट्यावर भीमराज गुडघ्याला तेल चोळत होते. भागवतने हात जोडले. "सन्माननीय भीमराजजी, आपल्या सुकन्येच्या..."

"भाऊ, सोयरीक आणली का?" भीमराज म्हणाले. "सरळ सांगा. पोरगी घरी कशी येणार?"

विशेषणं घशाशी येत होती, ती भागवतने एकेक करून खाली ढकलली.

"साडेनऊला. मागच्या दारात, दिव्याखाली. सटवाजीची पांढरी जीप. गाडीत फक्त कामावरच्या बाया. मी नावं घेईन, सगळ्या बसल्याशिवाय गाडी हलणार नाही. मंजुळाबाई शेवटपर्यंत सोबत. सपना तुमच्या उंबऱ्याच्या आत गेली की मगच जीप वळेल. उशीर झाला तर मी तुमच्या शेजारच्या दुकानात फोन करीन."

भीमराजांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "एवढंच होतं, तर परवाच काहून न्हाई सांगितलं?"

आत सपनाने ओढणी तोंडाला लावली होती. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच ठाऊक.

दुपारी ती कामावर आली. भागवतने सगळ्या बायांना मागच्या दारात, त्या दिव्याखालीच उभं केलं आणि सकाळचीच वाक्यं जशीच्या तशी सांगितली. मग प्रत्येकीकडून ती म्हणवून घेतली. कमलबाई दोनदा चुकली, तिला तिसऱ्यांदा म्हणावं लागलं. लाल वेलबुट्टी फाडून त्या जागी तीच वाक्यं मोठ्या अक्षरात लागली.

साडेनऊला नावं घेतली गेली, सातजणी बसल्या. सटवाजीने गाडी चालू केली आणि भागवतला राहवलं नाही. टॉवेल हलवत तो ओरडला, "आपल्या उपस्थितीबद्दल आम्ही शतशः..."

"साहेब, उशीर होऊन राहिला," जीपमधून सपना ओरडली, "बाबा दारात उभे असतीन!"

भागवतने तोंड मिटलं, आणि जीप वेळेवर निघाली.